उष्टावण घरच्या घरी: तारीख कशी काढायची, काय भरवायचं, कुणी भरवायचं (सगळ्या स्टेप्स)

ताईच्या लेकीच्या उष्टावणाचा व्हिडिओ मी शूट केला होता, चार मिनिटांचाच आहे आणि त्यात पाट, औक्षण, मामाने भरवलेला पहिला घास आणि चिऊचं वाकडं झालेलं तोंड एवढंच दिसतं. पण तो नातेवाइकांत फिरला तेव्हापासून ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्या सगळ्या जणी एकच विचारतात, अगं नेमकं काय काय केलंत, वाटीत काय होतं, खीर चालते का, मामा नसेल तर काय. व्हिडिओत न दिसणारी तयारीच खरं तर जास्त आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी तारीख, कारण पहिला घोळ इथेच होतो

आपल्याकडे रीत अशी की मुलाचं उष्टावण सम महिन्यात, म्हणजे सहाव्या, आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या, सातव्या. आता यात गंमत अशी की गुरुजी किंवा आजी "सहावा महिना" म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ असतो सहावा महिना चालू आहे, म्हणजे बाळाला पाचच महिने पूर्ण झालेत. आणि डॉक्टर "सहा महिने" म्हणतात तेव्हा सहा पूर्ण, साधारण 180 दिवस. दोघं एकच आकडा बोलतात आणि मध्ये एका महिन्याचा फरक असतो, त्यामुळे घरात उगाच वाद होतो की डॉक्टर रीत मोडायला सांगतायत.

त्यात परत गुरुजी तिथीने मोजतात. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे तसे सहा महिने साधारण 177 दिवसांत भरतात. चिऊचंच बघा, जन्म 14 मे. तिथीने सहा महिने भरले 7 नोव्हेंबरच्या आसपास, 180 दिवस झाले 10 नोव्हेंबरला आणि कॅलेंडरने सहा महिने पूर्ण 14 नोव्हेंबरला. त्यानंतर सातवा महिना चालू, मुलगी आहे म्हणजे विषम महिना, रीत पण सांभाळली आणि डॉक्टरांचं पण. आम्ही 23 नोव्हेंबरचा रविवार धरला कारण मामाला नाशिकहून यायचं होतं. मुलींच्या बाबतीत सातवा महिना हा असा अगदी बरोबर बसतो, पाचव्यात करायची घाई अजिबात करू नका, तेव्हा बाळाला चारच महिने झालेले असतात.

मुलाच्या बाबतीत जरा अडचण येते. सहावा महिना चालू असताना केलं तर थोडं लवकर, आठव्यात केलं तर उशीर. माझं स्पष्ट मत आहे की एक तर सहाव्या महिन्याच्या अगदी शेवटच्या दोनचार दिवसांत डॉक्टरांना विचारून उरका, नाहीतर आठव्या महिन्यात करा, पण मग सहा महिने पूर्ण झाल्या झाल्या घरात भाताची पेज सुरू करा आणि सोहळा नंतर सोहळा म्हणून करा. मुहूर्तासाठी बाळाला महिनाभर नुसत्या दुधावर ठेवू नका. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातून मिळणारं लोह पुरत नाही आणि जन्मतः शरीरात असलेला साठाही तोवर संपत आलेला असतो, त्यामुळे वरचं अन्न लांबवलं तर नुकसान बाळाचंच.

आणि तारखेपेक्षा बाळ तयार आहे का ते बघा. मान धरतंय का, मांडीवर आधाराने बसतंय का, आपण जेवताना आपल्या घासाकडे टक लावून बघतंय का. एक सोपी खूण म्हणजे रिकामा स्वच्छ चमचा ओठाला लावून बघायचा, बाळ जिभेने तो सारखा बाहेर ढकलत असेल तर अजून चारपाच दिवस थांबलेलं बरं.

वाटीत काय

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या प्रेमापोटी होतात.

घरोघरी उष्टावणाला खीर असते, तांदळाची किंवा रव्याची, दूध आटवून, साखर, वेलची, केशर, वरून काजू-बदामाचे काप. ती खीर देवाला नैवेद्य आणि माणसांना जेवायला. बाळाची वाटी वेगळी. वर्षाच्या आत साखर-मीठ नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, सुक्या मेव्याचा तुकडा किंवा बेदाणा घशात अडकू शकतो, आणि आटवलेलं दूध पहिल्याच दिवशी पोटाला जड. आम्ही देवासाठी काढलेल्या खिरीतली अंगठीच्या टोकाला लागेल एवढीच बाळाच्या ओठाला लावली, बाकी खाल्ला तो मऊ भात.

तो असा केला. दोन टेबलस्पून आंबेमोहोर तांदूळ, तीनचार पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजवला. मग वाटीभर पाणी घालून, म्हणजे तांदळाच्या सहापट वगैरे, कुकरला चारपाच शिट्ट्या. गरम असतानाच चमच्याच्या पाठीने घोटला आणि पिठाच्या चाळणीसारख्या बारीक स्टीलच्या गाळणीतून दाबून काढला. मिक्सरमध्ये फिरवला तर तो चिकट खळीसारखा होतो आणि टाळूला चिकटतो, म्हणून गाळणीच बरी. त्यात ताईने थोडं स्वतःचं दूध काढून घातलं, त्यामुळे बाळाला चव ओळखीची लागते, आणि वर घरच्या साजूक तुपाचे चारपाच थेंब. किती पातळ तर चमचा तिरका केला की सावकाश घसरला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर पोटात अन्न काहीच जात नाही आणि गोळा होऊन चिकटून बसला तर गिळता येत नाही. भात गार होता होता घट्ट होतो हे लक्षात ठेवा, आमचे विधी अर्धा तास लांबले आणि वाटीतला भात पार थापी झाला होता, मग ऐनवेळी कोमट पाणी घालून सैल केला. त्यामुळे उकळून कोमट केलेलं पाणी बाजूला तयार ठेवा.

वरण पहिल्या दिवशी नको का, तर थोडं मुगाचं वरण चालतं, पण मला विचाराल तर पहिले तीन दिवस एकच पदार्थ द्या. पुरळ आलं किंवा उलटी झाली तर कशाने हे लगेच कळतं. पाच पदार्थ एकदम चाटवले तर शोधायचं कुठे.

मध. याच्यासाठी वेगळा परिच्छेद

आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलंय आणि दही, मध, तूप मिसळलेलं अन्न भरवावं असंही आहे. त्यामुळे गुरुजी सामानाच्या यादीत मध लिहितात, घरातली मोठी माणसं म्हणतात आम्हाला चाटवला होता, आम्हाला काय झालं. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बिलकुल द्यायचा नाही, एक थेंब सुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. त्याने आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान आणि अंग ढिलं पडतं, आणि पुढे श्वासापर्यंत जाऊ शकतं. ही लक्षणं दिसली तर वेळ न घालवता हॉस्पिटल. मध उकळून दिला तर चालेल का असं एका काकूंनी विचारलं होतं, नाही चालत, साध्या उकळण्याने बीजाणू मरत नाहीत. शुद्ध, रानातला, घरच्या पोळ्याचा, कुठलाच नाही.

आता मध समोरून आला तर आपण नाही म्हणतो, पण तो पंचामृतातून गुपचूप येतो. आमच्याकडे असंच झालं असतं. पूजा झाली, तीर्थ वाटलं आणि चिऊच्या आजीच्या जाऊबाईंनी अगदी मायेने करंगळी पंचामृतात बुडवून तिच्या ओठाकडे नेली. मी कॅमेरातून बघत होते म्हणून दिसलं, नाहीतर औक्षणाच्या गडबडीत कुणाचं लक्षही नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, साहजिक आहे. म्हणून आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा की बाळाला फक्त या वाटीतलंच, आणि पंचामृताचं भांडं देवघरातच राहू द्या. गुरुजींना पण आधी फोन करून सांगा, आमच्या गुरुजींनी लगेच मान्य केलं आणि नुसत्या तूप-भातावर संस्कार केला. त्याच सूत्रात तूपभात वेगळा सांगितलेलाच आहे, तेजासाठी म्हणून, त्यामुळे कुणी म्हणालं की मधाशिवाय शास्त्र पूर्ण होत नाही तर हे सांगता येतं.

मांडणी

पाट, पाटापुढे छोटी रांगोळी, निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, चांदीची वाटी आणि चमचा, दोन सुती रुमाल, एक लाळेरं. वाटी-चमचा बहुतेक आजोळहून येतो.

वाटीबद्दल एक सांगते. हल्ली गिफ्ट म्हणून जर्मन सिल्व्हरच्या वाट्या खूप येतात, दिसायला सुंदर असतात पण त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू असतो तो. ती शोभेला ठेवा, बाळाला भरवायला खरी चांदी नाहीतर सरळ स्टीलची वाटी. आणि चांदी पॉलिश केली असेल तर नक्षीच्या खाचांत पावडर राहते, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून मग उकळत्या पाण्याने धुवा. चमच्याची कड बोटाने फिरवून बघा, शोभेच्या चमच्यांची कड कधीकधी धारदार असते. तसा असला तर पहिला घास त्याने आणि पुढचं मऊ सिलिकॉनच्या चमच्याने.

अंगठी साधी, खड्याची नको, नक्षीची नको. ती पण साबणाने धुऊन.

अक्षता बाळाच्या डोक्याला लावायच्या, अंगावर उधळायच्या नाहीत. सात महिन्यांचं बाळ मांडीवर पडलेला प्रत्येक दाणा उचलून तोंडात घालतं. सुपारी, नाणी पण हाताच्या अंतरावर नकोत. रांगोळी पाटाच्या पुढे काढा, बाळाचे पाय पोचतील अशी नको, ती पावडर नाकातोंडात जाते.

वेळ बाळाची झोप बघून ठरवा. चिऊ नऊ वाजता झोपून साडेदहाला उठायची म्हणून आम्ही अकराची वेळ घेतली. साडेदहाला उठल्यावर थोडंसं अंगावर पाजलं, पोटभर नाही. पूर्ण भुकेलं बाळ चमचा बघून चिडतं आणि पोट भरलेलं तोंडच उघडत नाही.

प्रत्यक्ष विधी

पहिल्यांदा गणपतीला आणि कुलदैवताला नैवेद्य, खिरीचा आणि वरणभाताचा. मग मामा पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसतो, बाळाला मांडीवर घेतो. बाळाची पाठ मामाच्या पोटाला टेकलेली आणि तोंड समोर, आडवं झोपवून भरवायचं नाही कधीच. आधी आई बाळाचं औक्षण करते, मग आजी, आत्या, घरातल्या सुवासिनी. आमच्याकडे पाच जणींनी केलं. निरांजन बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं लांबून ओवाळा, बाळं ज्योत पकडायला झेप घेतात.

मग मामा अंगठी चिमटीत घट्ट धरून खिरीत टेकवतो आणि बाळाच्या खालच्या ओठाला लावतो. अंगठी तोंडात सोडायची नाही, बाळाच्या हातात तर नाहीच. गुरुजी असतील तर ते मंत्र म्हणतात, अन्नपतेऽन्नस्य नो देहि अनमीवस्य शुष्मिणः, अर्थ असा की हे अन्नाच्या स्वामी, आम्हाला रोग न देणारं, बळ देणारं अन्न दे. गुरुजी नसले तर घरातल्या कुणीही एवढी ओळ म्हटली तरी छान वाटतं.

त्यानंतर भात. चमच्याच्या फक्त टोकावर घ्यायचा, खालच्या ओठावर टेकवून थांबायचं, बाळ स्वतः तोंड उघडून ओढून घेतं. वरच्या टाळूला पुसून घास आत ढकलायचा नाही. चिऊने पहिला घास जिभेने सगळा हनुवटीवर आणला, मामा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, दुसरा पण तसाच, तिसऱ्याला मात्र तिने चमचाच दोन्ही हातांनी पकडला आणि सोडेना. घास बाहेर आला म्हणजे आवडला नाही असं नसतं, तिला तोवर फक्त चोखायची सवय असते, जीभ मागे न्यायची असते हे अजून शिकायचं असतं.

कुणी भरवायचं

आधी मामा, हे बहुतेक मराठी घरांत पक्कं. शास्त्राप्रमाणे संस्कार वडील करतात, मामाचा मान ही लोकरीत, त्यामुळे मामा नसेल, परदेशात असेल तर वडिलांनी किंवा आजोबांनी भरवलं तर काहीही चुकत नाही. आईचा चुलतभाऊ, मावसभाऊ पण मामाच. काही घरांत आधी आजोबा भरवतात, आपापली रीत.

मामानंतर आई-बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, मावशी. आणि इथे गर्दीचा प्रश्न येतो. पहिल्या दिवशी बाळाने एकूण दोनतीन छोटे चमचे खाल्ले तरी भरपूर. आमच्याकडे अठरा माणसं होती, प्रत्येकाने एक घास म्हटलं तर बाळाचं काय होईल. म्हणून ताईने आधीच ठरवलं होतं, मामा, आई, बाबा आणि चार आजी-आजोबा एवढेच भरवतील, तेही चमच्याचं टोक बुडेल एवढंच, बाकीचे डोक्याला अक्षता लावून आशीर्वाद देतील. आत्या जरा खट्टू झाली तेव्हा मामाने स्वतःचा दुसरा घास तिला दिला. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, पाठ ताणली की थांबायचं, मग कुणाचाही नंबर राहिला असला तरी.

भरवणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. सर्दी-खोकला असलेल्याने लांबून आशीर्वाद. आणि मोठ्यांनी चव बघायला तोच चमचा तोंडात घालून परत बाळाला लावायचा नाही, उष्टावण नाव असलं तरी उष्टं बाळाचं असतं, आपलं नाही.

ठसका आणि अडकणं यातला फरक

हा भाग घरातल्या निदान दोघांना माहीत पाहिजे. बाळाला ठसका लागतो तेव्हा आवाज येतो, खोकतं, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर काढतं, डोळ्यात पाणी येतं. अशा वेळी पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका, थांबा, ते स्वतः बाहेर काढतं. चिऊला एकदा असं झालं आणि चारपाच जणं एकदम तिच्यावर वाकले, त्यानेच ती जास्त घाबरली.

अडकतं तेव्हा आवाज बंद होतो. रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच दाब. हे आलटून पालटून, घास निघेपर्यंत, आणि तेवढ्यात दुसऱ्याने 108 ला फोन. बाळ शुद्ध हरपलं तर ठोके थांबवून लगेच सीपीआर सुरू करायचा, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी लहान बाळांच्या सीपीआरचं ट्रेनिंग आधीच घेतलेलं चांगलं. न दिसणारा घास बोटाने शोधायचा नाही, तो अजून आत जातो. नीट गाळलेल्या भाताने असं व्हायची शक्यता फार कमी, पण काजूच्या तुकड्याने होऊ शकतं, म्हणून वर खिरीचं तेवढं सांगितलं.

वस्तू मांडणं आणि शूटिंग

खाऊन झालं की बाळासमोर ताटात वस्तू मांडतात, वही, पेन, सोनं, माती, एखादं हत्यार, आणि बाळ काय उचलतं ते बघतात. जुन्या ग्रंथांत याला जीविका परीक्षा म्हणतात. पेनाचं टोपण काढून टाका, माती वाटीत झाकून नाहीतर पुरचुंडीत बांधून, सोनं म्हणजे बांगडीसारखं मोठं काहीतरी, हत्याराच्या जागी लाकडी पळी. चिऊने बाजूला ठेवलेला माझा मोबाइलचा कव्हर ओढला आणि मग वही.

व्हिडिओ काढणाऱ्याने मामाच्या समोर जमिनीवर बसायचं, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर, फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा. उभं राहून काढलं तर नुसती सगळ्यांची डोकी दिसतात. आणि पहिल्या घासाच्या आधीच रेकॉर्डिंग चालू करून ठेवा, परत भरव परत भरव असं बाळाला करायला लावू नका.

त्यानंतरचे दिवस

भरवून झालं की लगेच ताईने तिला अंगावर पाजलं, पहिल्या दिवशीचं खरं जेवण तेच. पुढचे तीन दिवस तोच भात, सकाळी एकदाच, दोनतीन चमचे, मग मुगाचं वरण मिसळायला सुरुवात, मग उकडलेला भोपळा, गाजर. शीचा रंग आणि घट्टपणा बदलतो, ते चालतं. पण अंगावर गांधी, ओठ सुजणं, परत परत उलट्या झाल्या तर डॉक्टर, आणि श्वास घेताना आवाज आला तर थेट हॉस्पिटल.

वाटीत उरलेला भात ठेवू नका, बाळाची लाळ लागलेला भात फ्रीजमध्ये ठेवला तरी खराब होतो. चिऊच्या वाटीत चमचाभर उरला होता, तो तिच्या आजोबांनी मागून घेतला आणि तिथेच पाटाशेजारी बसून खाल्ला, मीठ नाही, साखर नाही, काही नाही. व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो.